आईला चौसष्ट रंग कशाला?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि रागावून बसले आहे. मास्तरीण होते तेव्हाची सवय, राग आला की तो फळ्यावर मुद्देसूद उतरवून काढायचा. आता फळा नाही, म्हणून इथे.

रागाचं कारण सांगते. आमच्या आईचा एकच फोटो आहे. 1958 सालचा, मिरजेच्या स्टुडिओत काढलेला, कृष्णधवल. खुर्चीवर बसलेली, अंगावरून पदर, कपाळावर मोठं कुंकू, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि धाकटी चार. मला आई आठवते. धाकटीला हा फोटोच आठवतो.

तर धाकटीच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, तिच्या सत्तरीच्या आधी तिला एक भेट पाठवली. तो अमेरिकेत असतो. या फोटोवरून क्रॉस स्टिचचा चार्ट करून घेतला, सोबत मॅटीचं कापड, सुया आणि दोऱ्याच्या चौसष्ट लड्या. हौसेने आणि मायेने पाठवलेली भेट, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार तो चार्ट विकणाऱ्याबद्दल आहे आणि त्याहून जास्त, "जितके रंग जास्त तितकं चित्र हुबेहूब" या समजुतीबद्दल. ही समजूत आपल्या ब्लॉगवाल्या मैत्रिणींमध्येही आहे. "माझ्या चार्टमध्ये ऐंशी रंग आहेत" असं कौतुकाने लिहिलेलं मी वाचलेलं आहे.

धाकटी चौदा महिने ते भरत होती. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर तिने ते गुंडाळून कपाटात टाकलं. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, माझा हात गेला गं. आईचा चेहरा माझ्या हातून बिघडला." मी ते कापड काढून बघितलं. तिचा एकही टाका चुकलेला नव्हता. चार्टमध्ये जसं होतं तसंच तिने भरलं होतं. आईच्या गालावर गोवर उठल्यासारखे ठिपके होते, हनुवटीला जांभळट झाक होती, आणि डोळे? डोळे नव्हतेच. दोन काळपट डाग होते.

हात तिचा गेला नव्हता, चार्ट मुळात वाईट होता. तो का वाईट होता, हे मी तिला कागदावर मांडून दाखवलं. तेच तुम्हालाही सांगते.

पहिली गोष्ट, कृष्णधवल फोटोला चौसष्ट रंग लागतातच कसे? उत्तर सोपं आहे. फोटो साठ-पासष्ट वर्षांचा, पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात चहाचा डाग. भाच्याने तो रंगीत स्कॅन केला आणि विकणाऱ्याने तसाच प्रोग्राममध्ये घातला. प्रोग्रामला आई दिसत नाही. त्याला प्रत्येक घराचा एक रंग दिसतो, आणि त्याच्या सर्वांत जवळचा दोरा तो यादीतून शोधतो. जुना कागद कुठे पिवळट, कुठे तपकिरी, कुठे निळसर करडा झालेला असतो. प्रोग्रामने त्या पिवळेपणाला वेगळे रंग दिले, डागाला वेगळे दिले, आणि हनुवटीखालच्या निळसर सावलीला डीएमसीचा 3042, म्हणजे फिका जांभळा, देऊन मोकळा झाला. म्हणजे माझी बहीण चौदा महिने आईचा चेहरा भरत नव्हती, कागदाचं म्हातारपण भरत होती!

यावर उपाय एका मिनिटाचा आहे. चार्ट करण्याआधी फोटोतला रंगच काढून टाकायचा. गिंप नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात `Image > Mode > Grayscale` केलं की संपलं. मग उरतो फक्त उजेड आणि अंधार, आणि कृष्णधवल फोटोत खरं तेवढंच असतं.

दुसरी गोष्ट त्या ठिपक्यांची. चार्टच्या शेवटी रंगांची यादी असते आणि प्रत्येक रंगापुढे टाक्यांची संख्या असते. चार्ट विकत घेणाऱ्या बायका यादीतले रंग मोजतात, पण तो शेवटचा रकाना वाचत नाहीत. मी वाचला. चौसष्टपैकी सत्तावीस रंगांचे टाके पंचवीसहून कमी होते. एका रंगाचे तर फक्त तीन. आठ मीटरची लडी तीन टाक्यांसाठी! आणि ते तीनही टाके तीन ठिकाणी. भरतकाम केलेल्या बाईला याचा अर्थ सांगायला नको. एका टाक्यासाठी दोरा ओवायचा, मागून अडकवायचा, फुली घालायची, पुन्हा मागे अडकवून कापायचा. अशी हजारो घरं. कापडाची मागची बाजू गोधडीसारखी जाड होते, आणि पुढच्या बाजूला दिसतात ते तीळ सांडल्यासारखे ठिपके.

हे ठिपके चुकून आलेले नसतात. दोन रंगांच्या मधली छटा हवी असेल तर प्रोग्राम त्या दोन रंगांची घरं एकमेकांत मिसळून विखुरतो. याला डिदरिंग म्हणतात. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरलात तर असेच ठिपके दिसतात. छपाईत ही युक्ती चालते, कारण तिथे ठिपका बारीक असतो आणि डोळा ते ठिपके एकत्र करून टाकतो. आपली चौदा नंबरची मॅटी म्हणजे एका इंचात चौदा घरं. एक घर साधारण 1.8 मिलिमीटरचं. एवढी घरं डोळ्यात पूर्ण मिसळून जायला सुमारे सहा मीटर, म्हणजे वीस फूट लांब उभं राहावं लागतं. छटा अगदी जवळच्या असतील तर त्या अलीकडेच मिसळतात, पण प्रोग्रामने विखुरलेल्या छटा तितक्या जवळच्या नसतात. आमच्या घरातली बैठकीची खोली बारा फुटांची आहे. आईला बघायला काय शेजाऱ्यांच्या घरात जायचं?

भाच्याशी फोनवर माझा वाद झाला. तो म्हणाला, "मावशी, पण मी असे नव्वद रंगांचे मोठे चार्ट भरलेले पाहिलेत, आणि ते अप्रतिम दिसतात." खरं आहे त्याचं, आणि मी ते नाकारत नाही. पण ती कामं पंचवीस नंबरच्या बारीक कापडावर असतात, चारशे-पाचशे घरं रुंद असतात. तिथे एक घर जेमतेम एक मिलिमीटरचं असतं आणि चेहऱ्याच्या वाट्याला भरपूर घरं येतात. त्या मापाला ते रंग शोभतात. मोठ्या मापाचा हिशेब लहान कापडावर लादला, हा माझा आक्षेप आहे. निबंधात विशेषणं कोंबली म्हणून वाक्य जिवंत होत नाही, हे मी पस्तीस वर्षं मुलांना सांगत आले. इथे तर वाक्यात कर्ताच नव्हता.

कर्ता म्हणजे डोळे. ही तिसरी गोष्ट, आणि खरं तर सगळ्यांत आधीची. भाच्याचा चार्ट 120 घरं रुंद आणि 160 घरं उंच होता. ऐकायला मोठा वाटतो. पण त्यात खुर्ची होती, पदर होता, तो रंगवलेला पडदाही होता. मी आईचा चेहरा कानापासून कानापर्यंत मोजला. बावीस घरं. चित्रकलेच्या तासाला शिकवतात की चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी असते. बावीस भागिले पाच, म्हणजे एका डोळ्याला चार घरं. चार घरांत पापणी, बुबुळ, पांढरा भाग आणि डोळ्यातली चमक कशी बसवणार? चौसष्ट नाही, पाचशे रंग घेतले तरी बसत नाही. माझ्या मते डोळ्याला निदान दहा घरं पाहिजेत, म्हणजे चेहऱ्याला पन्नास.

म्हणून आम्ही नव्याने केलं तेव्हा पहिल्यांदा फोटो कापला. खुर्ची गेली, पडदा गेला. केसांपासून खांद्याच्या थोडं खालपर्यंत एवढंच ठेवलं. मग `Image > Scale Image` मध्ये जाऊन रुंदी 100 आणि उंची 125 केली. एक ठिपका म्हणजे एक घर. चौदा नंबरच्या मॅटीवर हे साधारण सात इंच बाय नऊ इंच होतं. जुन्या चार्टपेक्षा कापड लहान झालं, आणि चेहरा दुपटीहून मोठा. मागची भिंत भरलीच नाही, मॅटीचा मूळ रंग तसाच ठेवला. भरायची घरं उरली नऊ हजारांच्या आसपास.

आता रंग. किती ठेवायचे हे मी आकडा मनात धरून ठरवलं नाही. `Image > Mode > Indexed` मध्ये `Maximum number of colors` असा रकाना आहे. त्याखाली `Color dithering` आहे, तिथे `None` निवडायचं, म्हणजे तो तीळ पेरत नाही. हे विसरलात तर आधीचं सगळं वाया. मग सोळा छटांपासून सुरुवात केली आणि एकेक कमी करत गेले. सोळा, चौदा, बारा, दहा… चेहऱ्यात काही फरक दिसेना. नवावरही आई आईच होती. आठवर आल्यावर नाकाची कड गालात विरघळली आणि नाक नाहीसं झालं. म्हणजे आठ कमी, नऊ पुरे. कुठे मोडतं ते बघायचं आणि तिथून एक पायरी वर यायचं, एवढीच रीत.

यात एक खोच आहे ती सांगते. प्रोग्राम छटा वाटताना जास्त घरं कुणाची ते बघतो. साडी आणि केस मोठे, म्हणून त्यांना तो जास्त छटा देतो. डोळ्यातली चमक एका घराची, तिची त्याला पर्वा नसते. ती हाताने घालावी लागते. आणि गालावरचा तो चहाचा डाग रंग काढल्यावरही थोडा काळपट उरला होता. तिथे मी दुसऱ्या गालाकडे बघून, पडद्यावर मोठं करून, एकेक घर दुरुस्त केलं. एकटी पडलेली घरं, म्हणजे ज्यांना आजूबाजूला आपल्या रंगाचं कुणीच नाही, तीही शेजाऱ्यांत मिसळून टाकली. दोन दुपारी गेल्या. चौदा महिन्यांपुढे दोन दुपारी म्हणजे काहीच नाही.

मग नऊ करड्या छटांना नऊ दोरे. करडे दोरे आम्ही घेतले नाहीत, कारण जुन्या फोटोची ऊब त्यात येत नाही. तपकिरीची एक सरळ शिडी घेतली. गडदकडून फिक्याकडे डीएमसीचे नंबर असे: 3371, 938, 801, 433, 435, 437, 738, 739 आणि सगळ्यात फिका 712. नंबरांवर विश्वास ठेवला नाही. लड्या खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ओळीने मांडल्या आणि मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढला. त्या फोटोत जिन्याच्या पायऱ्यांसारख्या छटा उतरताना दिसल्या तर शिडी बरोबर. दोन लड्या सारख्याच दिसल्या तर त्यांतली एक फुकट आहे. कुठे मोठी उडी दिसली तर तिथे गालावर रेघ उमटणार. डोळ्यांना रंग फसवतो, म्हणून ही परीक्षा रंग काढूनच घ्यायची.

आता पाव, अर्ध्या आणि पाऊण टाक्यांचं प्रकरण. माझ्या वयाच्या वाचकांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी घोकली असेल. भरतकामातही तीच आहेत. पूर्ण फुली म्हणजे घराचे दोन्ही कर्ण. अर्धा टाका म्हणजे एकच कर्ण. पाव टाका म्हणजे कोपऱ्यापासून घराच्या मध्यापर्यंत. आणि पाव अधिक अर्धा म्हणजे पाऊण, ज्याने घराचा एक कोपरा रिकामा राहतो आणि कड तिरकी दिसते.

विकणाऱ्याच्या जाहिरातीत "अपूर्ण टाक्यांसह, अधिक बारकावे" असं लिहिलं होतं. मी मोजले. आठशेहून जास्त घरांत दोन-दोन खुणा होत्या, सत्तरीतल्या डोळ्यांना वाचताही येणार नाहीत एवढ्या बारीक. आणि त्या होत्या कुठे? गालात, कपाळात, पदराच्या मधोमध. जिथे एक तपकिरी छटा हळूच दुसऱ्या तपकिरीत जाते, तिथे तिरकी कड कशाला? तिथे कडच नसते! शेजारच्या दोन छटा पूर्ण फुल्यांनीही आपोआप मिसळतात. पाऊण टाक्याची गरज तिथेच, जिथे डोळा रेषा शोधतो आणि पायऱ्या दिसल्या तर खटकतात.

आमच्या चार्टमध्ये अशा जागा फार थोड्या निघाल्या. त्यांतली एक सविस्तर सांगते, म्हणजे बाकीच्या समजतील. आईचं कुंकू. चार्टवर ते चार घरं रुंद, चार घरं उंच आलं. सोळा पूर्ण फुल्या घातल्या तर ते चौकोनी होतं, पोस्टाच्या तिकिटासारखं. चार कोपऱ्यांची घरं सोडून दिली तर अधिक चिन्हासारखं, औषधाच्या दुकानाच्या पाटीची आठवण येते. म्हणून बारा पूर्ण फुल्या, आणि चार कोपऱ्यांच्या घरांत कुंकवाच्या रंगाचा पाऊण टाका, रिकामा कोपरा बाहेरच्या बाजूला. त्या उरलेल्या कोपऱ्यात कपाळाच्या रंगाचा पाव टाका. लांबून ते गोल दिसतं.

पाऊण कुणाला आणि पाव कुणाला, याचाही नियम आहे. जी वस्तू पुढे आहे तिला पाऊण, मागचीला पाव. कुंकू कपाळावर आहे, म्हणून कुंकवाला पाऊण. दोघांनाही पाऊण दिलं तर एका घरात दोऱ्यांची गाठ होऊन तिथे फोड आल्यासारखं दिसतं. घालताना आधी कोपऱ्यातून मध्यापर्यंतचा पाव घालायचा, मग त्याच्यावरून पूर्ण कर्ण न्यायचा, म्हणजे पाव दबून राहतो आणि निसटत नाही. मॅटीच्या घराच्या मध्याला छिद्र नसतं आणि क्रॉस स्टिचची सुई बोथट असते, म्हणून या टाक्यांना वेगळी टोकदार सुई ठेवायची. बोथट सुईने जोर लावला की विणीचे धागे बाजूला सरकतात आणि टाका मध्याऐवजी भलतीकडे पडतो. दोन धाग्यांवरून टाका घेता येतो अशा सुट्या विणीच्या कापडावर हा त्रास नसतो, तिथे मध्याला जागा आयती असते.

दुसरी जागा डोळ्यांची. वरच्या पापणीची कमान 3371ने, आणि तिच्या दोन टोकांना पाऊण टाके. बुबुळ चार घरांचं, पण त्याचा वरचा भाग पापणीखाली दडलेला असतो, म्हणून वरचे कोपरे पापणी कापते आणि खालच्या दोन कोपऱ्यांना पाऊण टाके. खालच्या पापणीला गडद रेघ नाही, फक्त 433ची सावली. आणि कृपा करून डोळ्याचा पांढरा भाग पांढरा भरू नका. पापणीची सावली त्यावर पडलेली असते. धाकटीने पहिल्यांदा 712 भरला, तर आई दचकल्यासारखी दिसायला लागली. उसवून 738 भरला, आणि 712चं एकच घर चमक म्हणून ठेवलं. आई शांत झाली.

बाकी ओठांचे कोपरे आणि गालाची एक कड. त्या कडेला मागे उघडी मॅटी होती, म्हणून नुसता पाऊण, पाव कुणालाच नाही. केसांच्या आणि खांद्याच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्याच राहू दिल्या, त्या खटकत नाहीत. सगळे मिळून एकतीस अपूर्ण टाके. आठशेच्या जागी एकतीस. भोवताली बॅकस्टिचची रेघ कुठेही मारली नाही, त्याने चेहऱ्याचं व्यंगचित्र होतं.

दोरा सोडण्याआधी आम्ही चार्टचं चित्र खऱ्या मापात छापून भिंतीला लावलं आणि आठ फुटांवर बसून चहा प्यायलो. तिथून जे आवडलं नाही ते कागदावरच बदललं. ही परीक्षा चौसष्ट रंगांच्या चार्टची कुणी घेतली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं.

आता एक कबुली. मी नऊ रंगांवर ठाम होते. धाकटी म्हणाली, "ताई, कुंकू लाल पाहिजे." मी म्हटलं, फोटोत ते काळंच आहे, आणि तपकिरी चेहऱ्यावर एक लाल ठिपका घातला तर बघणाऱ्याची नजर डोळ्यांवर न जाता कपाळावर जाईल. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला तिचं कुंकू काळं आठवतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग 815 नंबरचा गडद लाल घेतला, फिका झगझगीत नाही. सोळा घरांपुरता. दहावा रंग तो. त्याला कारण आहे, म्हणून तो राहिला. चौसष्टपैकी किती रंगांना असं कारण सांगता आलं असतं?

तर माझं म्हणणं एवढंच आहे. चार्ट विकत घेणार असाल तर विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. चेहरा किती घरं रुंद आहे? कमीत कमी टाक्यांच्या रंगाला किती टाके आहेत? आणि अपूर्ण टाके नेमके कुठे आहेत? उत्तर देता आलं नाही तर पैसे देऊ नका. आणि विकणाऱ्यांनो, तुमच्या प्रोग्रामने काढलेलं चित्र एकदा हाताने साफ केल्याशिवाय कुणाच्या म्हाताऱ्या बोटांवर लादू नका. ते भरताना चुकलं तर बाई स्वतःच्या हाताला दोष देते, तुमच्या चार्टला नाही. माझ्या बहिणीने चौदा महिने दिला.

रोज शंभर-सव्वाशे टाके, अडीच महिन्यांत धाकटीने आई पूर्ण केली. भाच्याला फोटो पाठवला, त्याने मावशीशी वाद घातल्याबद्दल माफी मागितली, मी दिली. धाकटीला विचारलं, कशी झाली? ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, "आईसारखी झाली का ते तू सांग. फोटोसारखी झालीय, एवढं मला कळतं."

झालीय गं. डावा डोळा जरासा मोठा आलाय, पण तो तिचाही होता.

असो. जुनं कापड अजून कपाटात आहे. कुणाला डिदरिंग म्हणजे काय ते हाताने चाचपून बघायचं असेल तर घरी या, मागची बाजू उलटून दाखवते.